कॅगच्या अहवालाची बातमी: निष्कर्ष सांगावेत, आरोप करू नयेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालुका प्रतिनिधी व गावपातळीवरील वार्ताहर लेखापरीक्षा अहवालांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅगचा अहवाल म्हणजे नेमके काय? आमच्या जिल्ह्याचा वेगळा अहवाल निघतो का?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, हे घटनेच्या अनुच्छेद १४८ अन्वये निर्माण झालेले पद आहे. राज्याच्या हिशेबांसंबंधीचे अहवाल अनुच्छेद १५१(२) नुसार राज्यपालांना सादर होतात आणि राज्यपाल ते विधिमंडळासमोर ठेववतात. प्रत्यक्ष तपासणी महालेखापालांच्या कार्यालयातील पथके करतात. जिल्ह्यासाठी स्वतंत्र अहवाल नसतो. राज्याच्या अहवालात एखाद्या विषयाखाली सातारा किंवा सांगलीतील एखाद्या विभागाचा एखादा परिच्छेद येतो, आणि आपली बातमी बहुतेक वेळा त्या दीड-दोन पानांवर उभी असते. नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीच्या नेहमीच्या लेखापरीक्षेचा मार्ग वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

२. अहवाल कधीपासून छापता येतो? मसुदा आधीच हाती आला तर काय करावे?

अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला की तो सार्वजनिक होतो. महाराष्ट्रात हे अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी घडते. त्यामुळे दुपारी मिळालेला जाडजूड दस्तऐवज संध्याकाळपर्यंत बातमीत बसवायची घाई होते, आणि आक्षेपाचा आरोप बहुधा याच घाईत होतो.

त्याआधी हाती येणारे कागद वेगवेगळ्या टप्प्यांवरचे असतात. पथक कार्यालयात असताना विचारलेली लेखी शंका, म्हणजे अर्धसमास पत्र, हा केवळ प्रश्न असतो. त्यानंतरच्या निरीक्षण अहवालातील अनेक आक्षेप कागदपत्रे दाखवल्यावर मिटतात. प्रारूप परिच्छेद विभागाच्या सचिवांकडे उत्तरासाठी जातो, आणि उत्तर पटल्यास तो अंतिम अहवालातून गळू शकतो किंवा त्यातील रक्कम कमी होऊ शकते. म्हणून मसुद्यातील वाक्य ‘कॅगने ठपका ठेवला’ असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून होत नाही. शिवाय पटलावर येण्यापूर्वी मजकूर छापल्यास विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा प्रश्न उभा राहू शकतो. मसुद्यातील माहिती स्वतंत्रपणे पडताळून, स्वतःच्या जबाबदारीवर बातमी देता येते, परंतु तिला अंतिम अहवालाचे वजन देऊ नये.

३. परिच्छेद कोणत्या क्रमाने वाचावा?

ठळक अक्षरांतील सारांशावरून बातमी लिहू नये. परिच्छेदात साधारणपणे पाच गोष्टी असतात: कोणता नियम किंवा निकष लावला, प्रत्यक्षात काय आढळले, त्याचे कारण काय, परिणाम काय झाला आणि त्याची रक्कम किती, आणि शेवटी विभागाचे उत्तर व त्यावर लेखापरीक्षेचे म्हणणे. सारांशात परिणाम व रक्कम ठसठशीत असतात, तर कारण आणि उत्तर मजकुरात खोलवर असतात. मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो, की परिच्छेद शेवटून वाचायला सुरुवात करा. विभागाने तथ्य मान्य केले आहे का, मान्य करून कारण दिले आहे का, की तथ्यालाच हरकत घेतली आहे, हे आधी कळले म्हणजे बातमीचा सूर आपोआप ठरतो.

दोन तारखा शोधून वहीत लिहून ठेवाव्यात. एक, कोणत्या वर्षापर्यंतचे व्यवहार तपासले. दोन, स्थिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे. तपासणी आणि अहवाल पटलावर येणे यांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज पडते. या काळात बंद योजना सुरू झालेली असू शकते, किंवा सुरू असलेली बंदही पडलेली असू शकते.

४. निष्फळ खर्च, टाळता येण्याजोगा खर्च, जादा प्रदान या सगळ्याला ‘उधळपट्टी’ म्हटले तर काय बिघडते?

प्रत्येक वर्गवारी वेगळी घटना सांगते. निष्फळ खर्चात पैसे खर्च झाले, बहुधा वस्तूही आली, पण ठरलेला उपयोग झाला नाही. टाळता येण्याजोग्या खर्चात कामाचा उपयोग झाला, पण वेळेवर निर्णय घेतला असता तर ते कमी पैशांत झाले असते. वीजबिल उशिरा भरल्याने लागलेला दंड हे त्याचे साधे उदाहरण. जादा प्रदान म्हणजे देय रकमेपेक्षा अधिक दिले गेले, आणि त्यात वसुलीचा प्रश्न येतो. निधी अडकून पडणे म्हणजे रक्कम खात्यात पडून राहिली. ती अजून तेथेच असू शकते. ठेकेदाराला अनुचित लाभ हा शब्दप्रयोग अधिक गंभीर आहे, तरीही त्यात कराराची अट न लावल्याने लाभ झाला एवढेच म्हटलेले असते. तो लाभ कोणी हेतूने करून दिला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

या पाचांना एकच विशेषण लावले की वाचकाला पैसे कोणीतरी खाल्ले असे वाटते, आणि तेवढे मात्र यांतील एकाही वर्गवारीत म्हटलेले नसते. अपहार किंवा संशयित अपहार ही वेगळी वर्गवारी आहे, आणि अहवालात तो शब्द असेल तेव्हाच तो बातमीत यावा. ‘घोटाळा’ हा शब्द लेखापरीक्षेच्या निष्कर्षासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुन्हा दाखल झाला असेल, तर ‘गुन्हा दाखल झाला’ हेच अधिक अचूक आणि अधिक वजनदार वाक्य आहे.

५. एखाद्या परिच्छेदाची बातमी प्रत्यक्ष करून दाखवता येईल का?

पुढील उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. जत तालुक्यातील एका गावाची नळ पाणीपुरवठा योजना आहे असे समजू. मंजूर किंमत ४.१० कोटी रुपये. मार्च २०२२ पर्यंत झालेला खर्च ३.२० कोटी: जलवाहिनीवर १.८५ कोटी, जॅकवेल व पंपघरावर ७५ लाख आणि उंच जलकुंभावर ६० लाख. परिच्छेदात म्हटले आहे, की जलशुद्धीकरण केंद्राच्या जागेचा ताबा मिळण्यापूर्वीच इतर कामे सुरू केल्यामुळे योजना कार्यान्वित झाली नाही आणि तिच्यावरील ३.२० कोटींचा खर्च निष्फळ ठरला. जागेची अडचण दूर झाली असून उर्वरित काम लवकरच पूर्ण होईल, असे उत्तर विभागाने दिले. ताबा घेतल्याशिवाय काम सुरू करू नये अशी तरतूद असल्याने हे उत्तर मान्य करण्याजोगे नाही, असे लेखापरीक्षेने नोंदवले.

आता घाईत आलेली बातमी पाहा: ‘जतच्या पाणी योजनेत सव्वातीन कोटींचा घोटाळा, अधिकारी-ठेकेदारांनी संगनमताने निधी लाटल्याचे कॅगकडून उघड.’ रक्कम वाढवली आहे, कारण ३.२० कोटी म्हणजे सव्वातीन कोटी नव्हेत. ठेकेदाराचा उल्लेख परिच्छेदात कोठेही नाही. संगनमताचा तर मागमूस नाही. निधी लाटला म्हणावे, तर जलवाहिनी जमिनीत आहे आणि जलकुंभ गावाच्या वेशीवर उभा आहे. आणि ज्या वाक्यात खरी बातमी आहे, ते जागेच्या ताब्याचे वाक्य या मजकुरात आलेच नाही. गावकऱ्यांनी उद्या ग्रामसभेत कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याच वाक्यातून कळणार होते.

त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘जलशुद्धीकरण केंद्रासाठी जागा ताब्यात नसतानाच इतर कामे सुरू केल्याने जत तालुक्यातील पाणी योजना मार्च २०२२ पर्यंत सुरू होऊ शकली नाही आणि तिच्यावरील ३.२० कोटी रुपयांचा खर्च निष्फळ ठरला, असा निष्कर्ष कॅगने काढला आहे. जागेचा प्रश्न सुटल्याचे विभागाने लेखापरीक्षेला कळवले होते. मात्र ताबा घेण्यापूर्वी काम सुरू करणे नियमाला धरून नसल्याने कॅगने ते उत्तर मान्य केले नाही.’ तीन वाक्यांत कारण, रक्कम, तारीख, उत्तर आणि त्यावरचे मत आले. यात कोणाचीही गय केलेली नाही. जागा नसताना काम सुरू करण्याचा आदेश कोणी दिला, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि तो अहवालाच्या आधाराने विचारता येतो.

यानंतर गावात जावे. जलकुंभाच्या खांबावर क्षमता आणि वर्ष रंगवलेले असते. पंपघराला महावितरणचा मीटर बसला आहे का, तोटीला पाणी येते का, गावात टँकर कधीपर्यंत येत होता, हे अर्ध्या दिवसात कळते. योजना आज सुरू असेल, तर ते पहिल्या तीन वाक्यांत सांगावे, चौकटीत तळाशी नव्हे. पाहणीत मापन पुस्तिकेतील नोंदीपेक्षा जलवाहिनी कमी भरली, तर ती फार मोठी बातमी आहे. पण ती आपली बातमी आहे. तिच्यासाठी मापन पुस्तिकेची प्रत, देयक आणि जागेवरील मोजमाप लागेल. ती कॅगच्या तोंडी घालू नये.

६. अहवालात अनेक आकडे असतात. मथळ्यात कोणता घ्यावा?

निष्कर्ष ज्या रकमेला लागू होतो, तोच. वरच्या उदाहरणात ४.१० कोटी ही मंजूर किंमत आहे, तिला निष्फळ खर्च म्हणता येत नाही. काम रखडल्याने अंदाजपत्रक वाढले असेल, तर वाढ आणि एकूण खर्च वेगळे ठेवावेत. आपल्याकडील उपसा सिंचन योजनांच्या बातम्यांत ही चूक नेहमी दिसते. टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळसारख्या योजनेच्या सुधारित किमतीत भाववाढ, व्याप्तीतील वाढ, भूसंपादनाचा वाढलेला खर्च आणि आराखड्यातील बदल असे वेगवेगळे भाग असतात. संपूर्ण वाढीला ‘वाया गेलेला पैसा’ म्हणणे चूक आहे. अहवाल ज्या भागावर बोट ठेवतो, तेवढाच घ्यावा.

अनुमानित नुकसानीच्या आकड्याबाबत अधिक सावध राहावे. दुसऱ्या पद्धतीने निर्णय झाला असता तर किती रक्कम मिळाली असती, याचा तो हिशेब असतो. टू-जी स्पेक्ट्रमवरील २०१० च्या केंद्रीय अहवालात अशा नुकसानीचे एकापेक्षा अधिक अंदाज होते. सर्वांत मोठा १,७६,६४५ कोटींचा होता आणि लोकांच्या तोंडी तोच राहिला. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात मात्र डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली, आणि सीबीआयच्या अपिलाला मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवानगी दिली. लेखापरीक्षेचा अंदाज, परवान्यांच्या वैधतेचा निर्णय आणि फौजदारी दोष या तीन वेगळ्या वाटा आहेत, एकीच्या शेवटावरून दुसरीचा निकाल लावता येत नाही. अंदाज छापताना तो कशाच्या आधारे काढला हे एका वाक्यात सांगावे, आणि अनेक अंदाज असतील तर सर्वांत लहान व सर्वांत मोठा असे दोन्ही द्यावेत.

७. ‘सातारा जिल्ह्यातील शाळांमध्ये’, ‘सर्व ग्रामपंचायतींमध्ये’ असे लिहिता येईल का?

सहसा नाही. लेखापरीक्षा नमुना घेऊन होते. साताऱ्याच्या ११ तालुक्यांपैकी तीन निवडले आणि त्यांतील काही कामे तपासली, तर ‘तपासलेल्या इतक्या कामांपैकी इतक्या कामांत’ असेच लिहावे लागते. सुरुवातीच्या प्रकरणात निवडीची पद्धत दिलेली असते. कधी कधी जोखमीची कामे मुद्दाम निवडली जातात. अशा वेळी तेच प्रमाण संपूर्ण जिल्ह्याला लावणे हे उरलेल्या तालुक्यांवर अन्याय करणारे ठरते. उलट बाजूही लक्षात ठेवावी: तपासणीत न आलेल्या तालुक्याला ‘स्वच्छ’ म्हणता येत नाही.

८. अहवालात अधिकाऱ्याचे नाव नाही, पण तेव्हा कोण होते हे सर्वांना ठाऊक आहे. नाव द्यावे का?

कॅगचे अहवाल सहसा पदनाम आणि कार्यालय सांगतात, व्यक्तीचे नाव देत नाहीत, कारण लेखापरीक्षा व्यवहाराची असते. त्या पदावर त्या काळात कोण होते, ही सार्वजनिक माहिती असली तरी निष्कर्षाच्या शेजारी नाव ठेवले की वाचक ते दोषी म्हणूनच वाचतो. एका कामाच्या काळात चार कार्यकारी अभियंते बदललेले असतात. अंदाजपत्रक एकाने केलेले, कार्यारंभ आदेश दुसऱ्याने दिलेला आणि देयक तिसऱ्याने मंजूर केलेले असते. वादग्रस्त निर्णयावर कोणाची सही आहे हे कागदावरून दाखवता येत असेल, त्या व्यक्तीला नेमका प्रश्न लेखी विचारून उत्तरासाठी पुरेसा वेळ दिला असेल, आणि नाव दिल्याने सार्वजनिक हिताची खरी भर पडत असेल, तरच ते द्यावे. ठेकेदारालाही हाच नियम लावावा.

अहवालात ‘शासनाचे उत्तर प्राप्त झाले नाही’ असे असेल, तर तसेच लिहावे. ‘शासनाने मौन बाळगले’ असे लिहू नये. लेखापरीक्षेला दिलेले उत्तर आणि आज आपल्याला दिलेले उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्हींची तारीख वेगवेगळी द्यावी.

९. ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षेत १८ लाख ‘आक्षेपाधीन’ आहेत. हा अपहार नाही का?

सर्वाधिक येणारा आणि सर्वाधिक नुकसान करणारा प्रश्न हाच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांची लेखापरीक्षा स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. तिच्या अहवालात आक्षेपाधीन रक्कम आणि वसूलपात्र रक्कम असे दोन वेगळे आकडे येतात.

आक्षेपाधीन म्हणजे ज्या खर्चाची खात्री पटली नाही तो. कारण अगदी साधे असू शकते: प्रमाणके तपासणीच्या दिवशी मिळाली नाहीत, कोटेशन जोडलेले नाही, साठा नोंदवहीत वस्तूची नोंद नाही, ग्रामसभेचा ठराव फाइलमध्ये नाही. कागद दाखवल्यावर रक्कम आक्षेपातून वगळली जाते. कागद कधीच सापडले नाहीत, तर प्रकरण गंभीर होते. परंतु अहवालाच्या दिवशी ते ‘कागद दाखवले नाहीत’ एवढेच असते. वसूलपात्र रक्कम पुढच्या टप्प्याची आहे, ती संबंधितांकडून वसूल करावी असे लेखापरीक्षकाचे मत असते. १८ लाख आक्षेपाधीन आणि त्यांपैकी ४० हजार वसूलपात्र असतील, तर दोन्ही आकडे आणि दोन्हींची कारणे द्यावीत. गावात सरपंच, ग्रामसेवक आणि त्यांची मुले रोज लोकांसमोर वावरतात. ‘१८ लाखांचा अपहार’ हा चुकीचा मथळा तेथे कोणताही खुलासा छापून पुसला जात नाही.

१०. अहवालावर पत्रकार परिषद घेऊन नेत्याने ‘भ्रष्टाचार झाला’ असे म्हटले. छापावे का?

तो आरोप त्याच्या नावाने आणि स्वतंत्र परिच्छेदात छापता येतो. त्याच्या आधी किंवा लगेच नंतर अहवालात प्रत्यक्षात काय आहे ते आले पाहिजे, आणि तो शब्द अहवालात नसेल तर ‘अहवालात भ्रष्टाचाराचा निष्कर्ष नाही’ हे वाक्य लिहिलेच पाहिजे. मथळा त्या आरोपाचा करू नये. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांचे म्हणणे त्याच दिवशीच्या अंकात घ्यावे.

११. अहवाल विधिमंडळासमोर ठेवलेला आहे, मग बदनामीचा दावा कसा होईल?

अनुच्छेद ३६१-अ विधिमंडळाच्या कामकाजाच्या मूलतः खऱ्या वृत्तांताला संरक्षण देतो, मात्र तो दुष्ट हेतूने छापलेला नसावा. अहवालातील मजकूर अचूक सांगितला तर आपली बाजू भक्कम असते. त्यावर चढवलेली आपली विशेषणे, जोडलेली नावे आणि काढलेले अर्थ मात्र अहवालाचे राहत नाहीत. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि दिवाणी दावा वेगळा होऊ शकतो. नाव घेऊन लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी वकिलाला दाखवावा.

१२. अहवाल छापून झाला. पुढे काय पाहायचे?

राज्य अहवालातील परिच्छेद लोकलेखा समितीकडे जातात. शासकीय कंपन्या व महामंडळांचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. विभाग स्पष्टीकरणात्मक ज्ञापन देतो, समिती सचिवांची साक्ष घेते, शिफारशी करते आणि त्यांवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल मागवते. प्रत्येक परिच्छेदावर सविस्तर चर्चा होतेच असे नाही. म्हणून अहवालाचे वर्ष, परिच्छेद क्रमांक आणि विभाग यांची नोंद ठेवावी, आणि माहितीच्या अधिकारात विभागाकडे तीन गोष्टी मागाव्यात: समितीला दिलेल्या ज्ञापनाची प्रत, वसुलीची आजची स्थिती आणि जबाबदारी निश्चित केल्याचा आदेश असल्यास त्याची प्रत. ज्ञापन देण्यास विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचे, म्हणजे कलम ८(१)(ग) चे, कारण सांगून नकार येऊ शकतो. तेव्हा उरलेल्या दोन गोष्टींसाठी वेगळा अर्ज करावा. आक्षेप मिटल्याचे किंवा रक्कम वसूल झाल्याचे उत्तर आले, तर ती बातमी पहिल्या बातमीच्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यावी.